चार जीबीत न मावलेल्या पाच फायली

माझी जीभ तिखट आहे. नांदेडला माहेरी आई म्हणायची, "हिच्या तोंडाला लगाम न्हाई, सासरी कसं व्हायचं." लग्न होऊन लातूरला आले तर सासूबाईंनाही आठवड्याच्या आत तोच शोध लागला. मला स्वतःला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट वाटायचं, बोलून मोकळी होते, मनात काही ठेवत नाही. पण आपण तोडून बोललेलं समोरचं माणूस घरी घेऊन जातं, हे कळायला मला चाळिशी यावी लागली आणि एका मुलीचं वर्ष जावं लागलं.

मी लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये रेकॉर्डिंगचं काम करायची. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास. आमच्या गावात अशा क्लासांची काही कमी नाही, एक दगड मारला तर तीन फळ्यांना लागेल. सर शिकवायचे, मी कॅमेरा लावायची, मग जिन्याखालच्या माझ्या खोलीत बसून ते सगळं कॉम्प्युटरवर घ्यायची, कापायची, जोडायची. ज्या पोरांना लातुरात खोली करून राहणं झेपत नाही आणि ज्यांच्या गावात नेट चालत नाही, त्यांना सर हे रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर भरून द्यायचे. ते भरून देणं माझ्याकडे. पेनड्राइव्हबरोबर एक छापील यादी द्यायची, कुठलं लेक्चर कुठल्या नंबरला आहे त्याची.

रोजची लेक्चरं लहान असायची. पण परीक्षेच्या आधी सर मॅरेथॉन घ्यायचे. सहा-सहा, सात-सात तास, अख्खा धडा एका बैठकीत. मॅरेथॉनसाठी सरांचा हट्ट दोन. एक, चित्र एकदम स्वच्छ पाहिजे, फळ्यावरचं टिंबसुद्धा दिसलं पाहिजे. दुसरा, तुकडे नकोत. "पोरगं एका दमात बसलं पाहिजे," म्हणायचे. आता गंमत अशी की कॅमेरा स्वतः तुकडेच पाडायचा. सात तास शूटिंग केलं की कार्डावर आठ-दहा वेगळ्या फायली निघायच्या, एकही चार जीबीच्या पुढची नाही. मी त्या सगळ्या चिकाटीने जोडून, दाबून बऱ्याच लहान करून, पाच-सव्वापाच जीबीची एकच फाइल करायची. कॅमेरा तुकडे का पाडतो याचा मी कधी विचार केला नाही. वाटायचं, स्वस्तातला आहे, करत असेल काहीतरी.

पहिल्यांदा मॅरेथॉन पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर कॉम्प्युटर म्हणे, फाइल फार मोठी आहे, घेता येत नाही. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा, आत काही म्हणजे काही नाही, आणि पाच जीबीची फाइल मोठी! मी सरळ पेनड्राइव्ह उचलला आणि गंजगोलाईजवळ ज्यांच्याकडून आम्ही माल घ्यायचो त्या चाचांच्या दुकानात गेले. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता त्याच गाळ्यात कॉम्प्युटर. मी पेनड्राइव्ह काउंटरवर आपटला. म्हटलं, "चाचा, डुप्लिकेट माल देता आणि वर बिल पक्कं देता!"

चाचा हसले. "पेनड्राइव्हला कायको शिव्या देऊन राहिली, बेटी? त्या गरिबाचा काय कसूर?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक पेनड्राइव्हच्या आत एक वही असते असं समजायचं. कुठली फाइल कुठं ठेवली, केवढी आहे, ते त्या वहीत लिहितात. वही कशी आखायची याच्या वेगवेगळ्या पद्धती, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा म्हणजे ती वही नव्याने आखायची. तुझ्या पेनड्राइव्हवर जुनी पद्धत आहे, तिला फॅट थर्टीटू म्हणतात. तिच्यात फाइलीचा आकार लिहायला जी चौकट ठेवली आहे तीच लहान. चार जीबीच्या आतला आकडा तिच्यात बसतो. चार जीबी पुरा झाला की आकडा लिहायला जागा नाही. आता जी फाइल वहीत लिहिताच येत नाही, ती पेनड्राइव्ह घेणार कशी?

"म्हणजे सरकारी फॉर्मवर नावाच्या चौकटी संपतात आणि आडनाव बाहेरच राहतं, तसं," मी म्हटलं.

"हाव. घर रिकामं हाय, पण फॉर्म भरल्याशिवाय आत घेत न्हाईत."

"मग चौकट मोठी ठेवायला काय झालं होतं मेल्यांना?"

"ज्या वेळी आखली तेव्हा चार जीबीची फाइल कोण बनवणार होतं? लोकांची अख्खी हार्डडिस्क तेवढी नसायची." तेव्हा कुठं कळलं, कॅमेऱ्याच्या कार्डातही हीच वही, म्हणून तो तुकडे पाडायचा.

इलाज दोन, असं चाचा म्हणाले. एक तर पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने फॉरमॅट करायचा, एक्सफॅटने. तिच्यात चौकट एवढी मोठी आहे की तुझ्या सरांनी महिनाभर न थांबता शिकवलं तरी मावेल. कॉम्प्युटर, लॅपटॉप, सगळे ती वाचतात. पण घरातले जुने टीव्ही वाचत नाहीत. टीव्हीला पेनड्राइव्ह लावणारं गिऱ्हाईक असेल तर जुनीच पद्धत ठेवायची आणि फाइल कापून चार जीबीच्या आतले दोन तुकडे करायचे. "एनटीएफएस म्हणून तिसरी पण हाय," ते म्हणाले, "पण ती काही टीव्ही वाचतात, काही न्हाई. भरोसा न्हाई." आणखी एक सांगितलं की बत्तीस जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला विंडोज जुन्या पद्धतीने फॉरमॅट करायचा पर्यायच दाखवत नाही, म्हणून त्यासाठी एक लहानसं सॉफ्टवेअर मला दिलं. आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, तेवढं ध्यानात ठेव, म्हणाले.

एवढं सगळं मला त्या दिवसापासून ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतेय. पुढं जे झालं ते अज्ञानाने झालं असं कुणी म्हणू नये. मी तर खोलीच्या दाराला कागदही चिकटवला होता, मोठ्या अक्षरात: 'टीव्ही की लॅपटॉप? आधी सांगा.'

त्या वर्षी नोव्हेंबरात एक गृहस्थ आले. देवणीच्या पुढचं कुठलंसं गाव. गवंडीकाम करायचे, नखांत सिमेंट बसलेलं. दारात उभे राहून आधी चपला काढल्या. माझ्या टेबलावरचा फोटो बघून म्हणाले, "जय भीम, मॅडम." मी पण जय भीम केला आणि त्यांना बसायला सांगितलं. त्यांच्या मुलीला बारावीला चांगले मार्क होते, पण मेडिकलचा प्रवेश पहिल्या खेपेला थोडक्यात हुकला होता. घरात ठरलं होतं, अजून एक वर्ष. एकच. पुढच्या वर्षापासून धाकट्याची पाळी, दोघांचं एकदम झेपणार नव्हतं. सरांनी तिचे मार्क बघून सगळी लेक्चरं फुकट द्यायला सांगितली होती. सर त्या बाबतीत मोठ्या मनाचे.

गावात रेंज नव्हती. मोबाइल एकच, तो यांच्याबरोबर कामावर जायचा. मी नवा कोरा चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह फोडला, ऐंशी-एक लेक्चरं आणि पाच मॅरेथॉन टाकली. त्या पेनड्राइव्हवर पाकिटातूनच एक्सफॅट होतं, त्यामुळे मॅरेथॉन मुकाट्याने गेली. टीव्ही की लॅपटॉप हे मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात लॅपटॉपच होता. दाराला कागद लावून ठेवलाय म्हटल्यावर माझी जबाबदारी संपली, असा माझा कारभार. आणि त्यांनी कागद वाचला असता तरी त्यांना कुठं कळणार होतं की हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

आठवड्याने ते परत आले. पुन्हा चपला काढल्या.

"मॅडम, टीव्हीत कायबी दिसंना गेलंय. लावलं की म्हणतंय चालत न्हाई."

"टीव्ही?" मी म्हटलं. "टीव्हीला लावणार होतात हे आधी सांगायला काय झालं होतं? दाराला एवढा मोठा कागद लावलाय, तो काय शोभेला लावलाय?"

दुपारी चारला सरांची बॅच होती, कॅमेऱ्याचा स्टँड मोडलेला, सकाळपासून डोकं तापलेलं. पण ते माझं दुखणं. त्यांचं त्यात काय होतं? देवणीच्या पुढून दोन गाड्या बदलून, एका दिवसाची हजेरी बुडवून माणूस आलेला. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "चुकलं मॅडम माझं. पोरीनं सांगितलं हुतं विचारून या म्हणून. मीच इसरलो."

ते विसरले नव्हते. विचारायचं धाडस झालं नव्हतं. हे मला आता कळतं.

मी पेनड्राइव्ह घेतला, चाचांच्या सॉफ्टवेअरने जुन्या पद्धतीत फॉरमॅट केला आणि सगळा फोल्डर पुन्हा टाकायला लावला. कॉम्प्युटरने लगेच तोच निरोप दिला. पाच फायली फार मोठ्या आहेत. खाली दोन बटणं, थांबायचं की वगळून पुढं जायचं. त्या पाच फायली कापायला हव्या होत्या. माझा कॉम्प्युटर म्हातारा, एका फाइलीला वीस-पंचवीस मिनिटं घ्यायचा, म्हणजे पाचांना दोन तास. वर बाकीची कॉपी तासभर. त्यांनी हळूच सांगून ठेवलं होतं की गावाला जाणारी शेवटची गाडी गाठायची तर इथून साडेतीनला निघावं लागेल.

मी स्किप दाबलं. पाचही वगळल्या.

मनात म्हटलं, नंतर कापून ठेवते आणि देवणीच्या गाडीच्या कंडक्टरकडं देऊन पाठवते. चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं पण. त्यांना मात्र बोलले नाही. बोलले असते तर ते म्हणाले असते, थांबतो मॅडम, उद्या जातो. मग त्यांना थांबवून घ्यावं लागलं असतं आणि मला ते नको होतं. पेनड्राइव्ह हातात दिला, यादीचा नवा कागद दिला आणि म्हटलं, "झालं. आता काही अडचण येणार नाही." त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

कागद नवा, पण छापलेली यादी तीच जुनी होती. तिच्यात ती पाच नावं होती.

चिठ्ठीचं काय झालं? पंख्याने उडाली असेल, झाडणाऱ्या मावशींनी टाकली असेल. मला ठाऊक नाही. ठाऊक एवढंच आहे की मी विसरले. दोन दिवसांनी नवी बॅच लागली, सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, दिवस गेले. एकदा, फक्त एकदा, भाजी निवडताना एकदम आठवलं होतं की अरे, ते देवणीचे. हात थांबला. मग वाटलं, अडलं असतं तर आले असते ना परत, मागच्या वेळी आले तसे. यादीवर क्लासचा फोन नंबर होता. फोन आला असता. फोन आला नाही म्हणजे अडलं नाही, असं मी स्वतःला पटवलं आणि मेथी निवडत राहिले.

जून संपता संपता ते आले. या वेळी मुलगी बरोबर होती. बारीक चणीची, केसांना तेल, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला, कागदात नीट गुंडाळलेला.

"हे परत द्यायला आलो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या लेकराला उपेगी पडंल."

आजवर एकानेही पेनड्राइव्ह परत आणून दिला नव्हता. मी विचारलं, "निकाल काय?"

मुलगी म्हणाली, "थोडक्यात राहिलं, ताई." आणि हसली. रडू नये म्हणून हसतात तसं. वडील म्हणाले, "औंदा पण थोडक्यातच. आता नर्सिंगला घातलंय नांदेडला. चांगलं हाय ते पण. लवकर नोकरी लागती म्हणत्यात." ती मान हलवत राहिली. नर्सिंग वाईट नाहीच. माझी मावसबहीण नर्स आहे, डॉक्टरला उभं-आडवं घेते. पण या मुलीला ते नको होतं हे तिच्या मान हलवण्यातच दिसत होतं.

पेनड्राइव्ह ज्या कागदात गुंडाळला होता तो कागद म्हणजे माझीच यादी. घडीघडीला झिजलेली. मी सहज उघडली. प्रत्येक लेक्चरपुढं बरोबरची खूण. काहींपुढं दोन, काहींपुढं तीन, म्हणजे तितक्यांदा पाहिलेलं. खाली मॅरेथॉनची पाच नावं. त्यांच्यापुढं काहीच नाही.

मी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. बघायची गरज नव्हती, तरी लावला. ऐंशी फायली, मॅरेथॉन एकही नाही.

मला राग आला. कुणाचा येतोय तेही कळेना, आणि माझी जुनी खोड, राग आला की समोरच्यावर जातो. मी तिलाच म्हटलं, "अगं बाई, पाच फायली नव्हत्या तुझ्या पेनड्राइव्हमध्ये! यादीत नावं दिसत होती ना? मग एक फोन करता येत नव्हता? सात-सात तासांचे धडे गं, अख्खी उजळणी त्यात!"

ती घाबरली. वडिलांकडं बघितलं, मग यादीकडं.

"मला वाटलं, ते पैसे भरणाऱ्यांना देत असतील," ती म्हणाली. "आपल्याला सरांनी फुकट दिलं होतं ना. मग तेवढंच असंल."

"मी म्हणलो हुतो इचारून येतो," तिचे वडील म्हणाले. "हीच म्हणली, नका बाबा, मागच्या खेपंला मॅडम कावल्या. मला बी वाटलं, बरोबर हाय. धर्माच्या गायीचे दात मोजत नसत्यात."

किती सहज म्हणाले. तक्रार म्हणून नाही. माझी बाजू घेतल्यासारखं म्हणाले.

मला नांदेडची आमची शाळा आठवली. आमच्या वस्तीतल्या पोरांना सरकारी पुस्तकं फुकट मिळायची. सातवीला माझ्या भूगोलाच्या पुस्तकात मधली सोळा पानं नव्हती, बांधणीतच राहिलेली. वर्षभर मी ती पानं मैत्रिणीच्या पुस्तकातून वहीत उतरवून घेतली, पण बाईंना सांगितलं नाही. वाटायचं, फुकटचं पुस्तक असंच असतं. घरी बाबांना कळलं तेव्हा ते मला घेऊन तडक शाळेत गेले आणि दुसरं पुस्तक मागून घेतलं. वाटेत येताना एवढंच म्हणाले, "आपल्या हक्काचं आहे ते. उपकार न्हाई." ते बोल ऐकून मी मोठी झाले, नोकरीला लागले, जीभ परजून सगळ्या गावाशी भांडले. आणि माझ्याच दारात एक मुलगी सातवीतली मी होऊन बसली, तर मी तिच्या बापाला कागद दाखवला.

मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, "मामा, ऐका माझं. पैशाचा काही संबंध नव्हता. सरांनी पुरतं द्यायला सांगितलं होतं. पहिल्या खेपेला पुरतं दिलंही होतं, पण ते तुमच्या टीव्हीला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या खेपेला टीव्हीला वाचता येईल असं केलं, तर त्या पद्धतीत चार जीबीच्या पुढची फाइल बसत नाही. मला माहीत होतं बसत नाही. कापून द्यायच्या होत्या, दोन तासांचं काम होतं. मी केलं नाही. वगळल्या आणि तुम्हाला सांगितलंही नाही. चूक माझी आहे. सगळी."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडायला हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर क्लास डोक्यावर घेतला असता, सरांपर्यंत गेले असते, पेनड्राइव्ह फेकून मारला असता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "चालायचंच मॅडम. तुम्हाला बी कामं असत्यात."

"नाही मामा, चालायचं नाही," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर रडायला लागले, आणि त्या मुलीने उठून मला पाणी दिलं. मला! ते पाणी मी कसं प्यायले मला ठाऊक.

सरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते संतापले, बरोबरच होतं. मग खाली येऊन म्हणाले, हिला अजून एक वर्ष इथं बसवू, राहायची पण सोय बघू. वडिलांनी हात जोडले. म्हणाले, धाकट्याचं आता सुरू झालंय, नर्सिंगची जागा लागलीय, ती सोडून परत एक वर्ष दिलं आणि तेही गेलं तर? मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसंच." सर अजून थोडं बोलले, मग वर निघून गेले.

जायच्या आधी तिने मला विचारलं, "ताई, त्यात काय होतं? एक दाखवता का?"

गाडीला अजून वेळ होता. मी अनुवंशशास्त्राची मॅरेथॉन लावली, कारण यादीवर त्या धड्याच्या साध्या लेक्चरांपुढं चार-चार खुणा होत्या. ती स्टूल ओढून बसली. पिशवीतून वही काढली, पेन काढलं. परीक्षा होऊन गेलेली, नर्सिंगची फी भरलेली, आणि ती लिहून घेत होती. मी सांगू शकले नाही की आता कशाला लिहितेस. सरांनी फळ्यावर घराण्याचा तक्ता काढला होता, आजा, आजी, त्यांची लेकरं, चौकोन आणि गोल. रोग कुणाकडून कुणाकडं जातो ते एकेक रेघ ओढून दाखवत होते, न घाई करता, मॅरेथॉनमध्ये शिकवायचे तसं. तिचे वडील दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते पण फळ्याकडंच बघत होते.

अर्धा तास झाला असेल. तिने लिहिणं थांबवलं. पडद्यावर सर अजून बोलत होते. ती वहीकडं बघत होती, स्वतः लिहिलेल्या त्या चार ओळींकडं.

"सोपं होतं की हे," ती म्हणाली.

मग तिने पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत घातली आणि वडिलांना म्हणाली, "चला बाबा, गाडी जाईल."